हेतुपत्रातले सर्जेराव

परदेशी विद्यापीठाला तुमचे मार्क पुरत नाहीत, तुमचा हेतूही लागतो. आणि तो हजार शब्दांत बसलेला लागतो. आपल्याकडे एम.बी.बी.एस.ला प्रवेश घेताना अरुंधती रत्नपारखीला तिचा हेतू कुणीच विचारला नव्हता. विचारला असता तर वडिलांना फोन करून सांगावा लागला असता, कारण तो त्यांच्याकडे होता.

आता मात्र हेतू तिचा स्वतःचा होता. कोठाळ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ती बंधपत्राचं एक वर्ष काढायला आली आणि ते संपल्यावरही अडीच वर्षं राहिली. जालन्यात घर असून केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहणारी डॉक्टर म्हणून गावात तिला मान होता, आणि तिच्या बरोबरच्या डॉक्टरांत तिच्याविषयी थोडी काळजी होती. एकेक पेशंट तपासून काही होत नाही, गावच्या गाव निरोगी कसं ठेवतात ते शिकलं पाहिजे, असं तिला मनापासून वाटायला लागलं होतं. त्यासाठी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा मास्टर्सचा अभ्यासक्रम होता. शिष्यवृत्ती मिळाली तरच जाणं शक्य होतं. अर्जाची मुदत सात नोव्हेंबर. लागणार होती दोन शिफारसपत्रं आणि हेतुपत्र.

हेतुपत्र घेऊन ती ऋषीकडे गेली. ऋषी तिचा आतेभाऊ. नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसच्या वर त्याचं परदेशी शिक्षणाचं मार्गदर्शन केंद्र होतं. तो स्वतः एकदा नेपाळला जाऊन आला होता. पण त्यानं धाडलेली सतरा पोरं सहा देशांत होती, त्यामुळे त्याचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

त्यानं कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“अरूताई, इंग्रजी झकास आहे. ‘लहानपणापासून मला सेवेची ओढ होती’ हे तेवढं काढ. तिथल्या कमिटीला वाटतं, भारतातली सगळी मुलं लहानपणी दुसरं काही करतच नाहीत.”

“काढते.”

“आणि हे उलटं झालंय बघ. तू आधी लिहिलंस, बोरवाडीत तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बी.पी. तपासलं, शंभर टक्के. मग दोन परिच्छेद सोडून लिहिलंस, एक शेतकरी अर्धांगवायूनं पडला, त्याला आपल्याला बी.पी. आहे हे माहीतच नव्हतं. अगं, वाचणारा म्हणेल, तपासलं तर माहीत कसं नव्हतं? आधी माणूस पडू दे. मग तू हादर. मग तपासणी. अडचण, काम, परिणाम! सतराही पोरांचं असंच आहे.”

“पण तो नंतर पडला,” अरुंधती म्हणाली.

“तारखा टाकल्यास का कुठे? नाही ना? मग?” ऋषी म्हणाला. “फक्त परिच्छेद वर उचलायचाय. आणि तो माणूस जरा दिसू दे. पडला तेव्हा काय करत होता, हातात काय होतं. दोन बारीक गोष्टी आण, कमिटी रडली पाहिजे.”

त्यानं स्वतःच माउस धरून परिच्छेद कापला आणि वर चिकटवला. अडीच सेकंद लागले. पडलेला शेतकरी, म्हणजे बोरवाडीचे सर्जेराव, एका क्षणात जूनमधून फेब्रुवारीच्याही मागे गेले आणि त्यांना काही झालंही नाही.

खरा क्रम अरुंधतीला पाठ होता. तो असा.

फेब्रुवारीत असंसर्गजन्य आजारांचं सर्वेक्षण सुरू झालं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म आशाताईंनी घरी जाऊन भरायचा, बी.पी. आणि साखर उपकेंद्राच्या सिस्टरनं मोजायची, आकडे रजिस्टरला आणि तिथून संगणकावर. कोठाळ्याच्या हाताखालच्या बोरवाडी उपकेंद्रात अशी अठराशे सेहेचाळीस माणसं होती. मीना सिस्टरनं नेटानं सातशे चौतीस मोजली. मग बी.पी.च्या यंत्राचा दंडाला बांधायचा पट्टा हवा सोडायला लागला. तिनं नव्या पट्ट्याची लेखी मागणी केली. मागणी नोंदवली गेली. नोंदवल्यावर मागणीचं आणखी काही करायचं असतं असं वरच्या कचेरीत कुणाला वाटलं नाही.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आढावा बैठक झाली. तालुक्याहून फोनवर फोन येत होते. मीना सिस्टर उठून म्हणाली, “म्याडम, अकराशे बारा राह्यलेत आन पट्टा न्हाई.” अरुंधती त्या दिवशी सकाळपासून उपाशी होती, दोन बाळंतपणं झाली होती, तिसरं अडून होतं. ती म्हणाली, “सिस्टर, कसंही करा, पण एकतीस मार्चला शंभर टक्के दिसले पाहिजेत.”

सिस्टरनं कसंही केलं. अकराशे बारा माणसांचं बी.पी. एका आठवड्यात १२०/८० भरलं. इतकं एकमतानं निरोगी गाव पृथ्वीवर दुसरं नसेल. अरुंधतीनं रजिस्टरच्या प्रत्येक पानाखाली सही केली. पानं तिनं पाहिली होती. पाहिली नव्हती असं म्हणता आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, पण पाहिली होती. हेतुपत्रात तिनं ‘शंभर टक्के’ लिहिलं आणि किती जणांना बी.पी. सापडलं तो आकडा मात्र गाळला. चारपैकी एकाला असतंच असतं, आणि बोरवाडीत तिच्या हिशोबानं शंभरात दहांनाही निघालं नव्हतं. तिकडच्या कुठल्याही प्राध्यापकानं तो आकडा पाहून चहा सांडला असता.

जूनमध्ये बोरवाडीच्या आशाताई दैवशाला यांचे पती सर्जेराव, वय बावन्न, जीपमधून केंद्रात आणले गेले. तोंड वाकडं, उजवी बाजू लुळी. अरुंधतीनं बी.पी. घेतलं, २२० वर १३०. रुग्णवाहिकेनं जालन्याला पाठवलं. जीव वाचला. दुपारी तिनं रजिस्टर काढलं. नाव होतं. १२०/८०. खाली तिची सही, ठळक, वळणदार.

ह्याबद्दल ती कुणाशी बोलली नव्हती. मीना सिस्टरही बोलली नव्हती. त्या दोघी रोज एकमेकींना ‘जेवलात का’ एवढंच विचारत आणि उत्तराची वाट न पाहता निघून जात.

आता मंगळवारच्या गावभेटीला ती बोरवाडीला निघाली, ती ऋषीला हव्या असलेल्या दोन बारीक गोष्टी आणायला. पिशवीत तपासणीचं सामान होतं, स्वतःचं बी.पी.चं यंत्र होतं आणि हेतुपत्राची छापील प्रत होती. तिला आपण चोरी करायला चाललो आहोत असं वाटत होतं, आणि तीही स्टेथोस्कोप लावून.

दैवशाला अंगणात बसून कापसातला काडीकचरा वेचत होती. सर्जेराव भिंतीशी खुर्चीवर. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा, म्हणजे कुणीतरी ठेवलेला.

“या म्याडम. बसा. हे बघा, चालून राह्यले आता दहा पावलं. न्हाई का हो?”

सर्जेरावांनी मान हलवली आणि काहीतरी म्हणाले. त्यातलं ‘बारा’ तेवढं कळलं.

“बारा म्हणतेत. आज दोन जास्तीची झाली. ह्यांना कमी सांगितलेलं चालत न्हाई.”

अरुंधतीनं त्यांना तपासलं, गोळ्या पाहिल्या, आणि मग जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, “ताई, त्या दिवशी हे पडले तेव्हा नेमकं काय करत होते?”

“का वं?”

“एका अर्जात लिहायचंय. बाहेरदेशी शिकायला जायचा अर्ज. नाव नाही घालणार.”

“आमचे हे बाहेरदेशी चालले?” दैवशाला हसली. “ऐकलं का? इथं संडासला जायाला माणूस लागतंय आन तुम्ही इमानात बसून राह्यलात. काय लिवलंय म्याडम, वाचा की.”

“इंग्रजीत आहे.”

“मंग मराठीत वाचा.”

नाही म्हणायला कारण सापडेना. अरुंधतीनं कागद काढला आणि एकेक वाक्य मराठीत करत गेली. एका गावात एक मेहनती शेतकरी होता. त्याला आपल्या आजाराचा पत्ता नव्हता, कारण त्याचं बी.पी. कधी कुणी मोजलंच नव्हतं. एका सकाळी तो कोसळला. त्यानंतर मी ठरवलं की या गावात तपासल्याशिवाय एकही माणूस राहता कामा नये. मी आशाताई आणि परिचारिका यांना एकत्र आणलं. दोन महिन्यांत शंभर टक्के तपासणी पूर्ण केली.

इंग्रजीत हे नीट वाटलं होतं. मराठीत आवाज तिचा स्वतःचाच होता, त्यामुळे लपायला जागा राहिली नाही.

दैवशालाचे हात थांबले होते.

“म्हंजे,” ती सावकाश म्हणाली, “आधी हे पडले. मंग आपण तपासणी केली.”

“ताई—”

“असं झालं असतं तर किती चांगलं झालं असतं.”

अरुंधतीला वाटलं, आता ही बोलेल, आणि तिनं बोलावंच. पण दैवशाला रागावली नव्हती. ती कापसाकडे बघत हलक्या आवाजात सांगायला लागली, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

“सिस्टर आल्ती ना मार्चात. पट्टा फाटलेला. मला म्हणली, ‘आशाताई, दाजींचं काय लिहू?’ हे शेतात गेल्ते. मी म्हणले, त्यांना काय धाड भरली, लिहा एकशेवीस-ऐंशी. समद्यांचं तेच चाललंय. अर्ध्या गावाच्या घरात जाऊन मी सांगते, बी.पी. बघून घ्या, आन माझ्या घरचा माणूस...” ती थांबली. “ह्यांचं डोकं दुखत होतं होळीपासून. मला म्हाईत होतं. कुणाला सांगितलं न्हाई मी आजपोत्तर. म्याडम, तुम्ही लिवलंय तसंच ठेवा. लय चांगलं लिवलंय. त्यात माझा बी काही कसूर राहत न्हाई.”

अरुंधतीला त्या क्षणी सांगायचं होतं की कसूर माझा आहे, सही माझी आहे, ‘कसंही करा’ मी म्हणाले. तोंडातून आलं भलतंच. “ताई, तुमचं बी.पी. कधी मोजलंय?”

“माझं? मार्चात लिवलंय की.”

“मोजलंय का?”

दैवशाला पदर सावरायला लागली.

अरुंधतीनं पट्टा बांधला. १७२ वर १०४. तिनं दहा मिनिटं थांबून पुन्हा घेतलं. १६८ वर १०२. दैवशाला चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “जास्ती हाय का?”

“हो.”

“मंग ते रजिस्टरातलं कुणाचं होतं?” तिनं विचारलं, आणि हे तिनं अगदी खरं विचारलं.

पुढचे दोन दिवस अरुंधतीनं हेतुपत्र तीनदा लिहिलं. खरं लिहायला बसल्यावर तिला असं आढळलं की खोट्याला हजार शब्द पुरत होते, खऱ्याला जास्त लागतात. शेवटी तिनं सेवेची ओढ काढली, बालपण काढलं, वक्तृत्व स्पर्धेतलं पारितोषिक काढलं. मग जागा झाली. तिनं लिहिलं: आम्ही सातशे चौतीस माणसं मोजली आणि उरलेली अकराशे बारा भरली. आधी मी सही केली. नंतर माणूस पडला. आकडा शंभर टक्के यावा म्हणून मी गाव तपासायचं थांबवलं. हे कसं होतं आणि पुन्हा कसं होऊ द्यायचं नाही, ते मला शिकायचं आहे. ‘आम्ही’ कुठे आणि ‘मी’ कुठे, यावर तिचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

ऋषीनं वाचून फोन केला. “ताई, हे हेतुपत्र आहे की कबुलीजबाब? माझ्या सतरापैकी एकानंही असं काही केलेलं नाही.”

“केलेलं नाही की लिहिलेलं नाही?”

“तू ठेव फोन,” ऋषी म्हणाला.

दुसरं शिफारसपत्र तालुका आरोग्य अधिकारी डॉ. आदिनाथ काकडे यांचं होतं. रिवाजाप्रमाणे ते अरुंधतीनंच लिहून दिलं होतं आणि साहेबांनी ‘वाचलं, छान आहे’ असं न वाचता म्हटलं होतं. ते विद्यापीठाच्या लिंकवर साहेबांच्या सरकारी ई-मेलवरून चढवायचं होतं. त्या ई-मेलचा पासवर्ड फक्त संगणक चालवणाऱ्या बेबीनंदा यांना ठाऊक होता. साहेबांनी एकदा मागितला होता. त्यांनी ‘तुमच्यानं राहायचा नाही लक्षात’ म्हणून दिला नव्हता.

अरुंधती दोन कागद घेऊन गेली. एक, शिफारसपत्र नव्यानं, त्यातलं ‘यांच्या नेतृत्वाखाली बोरवाडीनं शंभर टक्के गाठले’ हे वाक्य काढून. दुसरा, लेखी अर्ज: अकराशे बारा नोंदी न मोजता भरल्या आहेत, फेरतपासणीची परवानगी आणि चार पट्टे मिळावेत. सिस्टरनं मागणी वेळेत केली होती, भरायला तोंडी मी सांगितलं, हेही त्यात होतं.

डॉ. काकडे माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त कागदाची भीती वाटायची.

“लेखी कशाला, मॅडम? तोंडी सांगा. मी तोंडी ऐकून घेतो. बिलकुल ऐकून घेतो.”

“साहेब, मागच्या वेळी तोंडीच सांगितलं होतं मी.”

“अहो, पण हे जिल्ह्याला गेलं की विचारणार, सही कुणाची.”

“माझी.”

“आणि माझी कुठंय?”

“माझ्या खाली.”

“खाली म्हणजे हुद्द्यानं वर ना!” त्यांनी रुमाल काढला. “तुम्ही उद्या जाल लंडनला. मी इथंच आहे. एक काम करा, हा अर्ज मागं घ्या. पत्र आत्ता, ह्या मिनिटाला चढतं. काय हो बेबीनंदा, चढतं ना?”

“अर्जावर आवक नंबर पडला की,” बेबीनंदा यांनी मान वर न करता सांगितलं. “तीनशे एक्केचाळीस. म्याडमनी दारातच दिल्ता.”

साहेबांनी अरुंधतीकडे असं पाहिलं, की तिला त्यांचीही कीव आली आणि त्या कीवेचाही अपराध वाटला. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने होते.

“बघतो,” ते म्हणाले. “पत्राचं बघतो.”

मीना सिस्टर केंद्राच्या पायरीवर वाट बघत उभी होती. “म्याडम, माझ्यावर येईल का?”

“तुमची मागणी जोडलीय मी. तारखेसहित. ‘कसंही करा’ मी म्हणाले, तेही लिहिलंय.”

सिस्टर म्हणाली, “पण भरलं तर मीच ना. हात माझाच होता.” मग तिनं विचारलं, “जेवलात का?” आणि ह्या वेळी उत्तराची वाट पाहिली.

सात नोव्हेंबरच्या सकाळी अरुंधतीनं अर्ज पाठवला. पडद्यावर आलं: शिफारसपत्रं, दोनपैकी एक प्राप्त. तिनं दहा वाजता पाहिलं, अकराला पाहिलं. बाराला ती बोरवाडीला गेली, कारण परवानगीचा पत्ता नसला तरी तिनं स्वतः परतूरहून दोन पट्टे आणले होते, आणि मोजायला परवानगी लागते असं कुठल्याही नियमात तिला सापडलं नव्हतं. भरायलाही लागली नव्हती.

उपकेंद्राच्या ओट्यावर दैवशाला रजिस्टर घेऊन बसली होती. सर्जेरावांना दोघा पुतण्यांनी खुर्चीसकट आणलं होतं. दैवशालानं अरुंधतीला बसायला सांगितलं नाही.

“सिस्टरनी सांगितलं. बदललं म्हणं तुम्ही ते.”

“हो. तुमचं नाव नाही त्यात. दाजींचंही नाही. माझी सही आहे ते लिहिलंय.”

“तसंच ठेवा म्हणले होते मी.”

“हो.”

“तिथं लिवलेलं इथं कोण वाचणार होतं? मला तेवढंच बरं वाटत होतं. आता मला बी खरंच धरून बसावं लागंल.” तिनं रजिस्टरचं पान उलटलं. “रात्री ह्यांना सांगितलं मी समदं. डोकं दुखत होतं ते मला म्हाईत होतं म्हणून.”

“काय म्हणाले?”

“काय म्हणतेत? बोलाया येतंय का त्यांना?” दैवशालाचा आवाज चढला आणि लगेच बसला. “तोंड फिरवलं तिकडं. सकाळी माझ्याच हातचा चहा पिले पण. आता त्याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.”

 अरुंधतीला माफी मागायची होती. जूनपासून ती तयार होती. पण माफी मागितली तर ती द्यायची जबाबदारी ह्या बाईवर पडणार, आणि हिच्याकडे आधीच पुष्कळ जबाबदाऱ्या होत्या. ती नुसती म्हणाली, “ताई, चूक माझी होती. तुमच्या आधी माझी.”

“असंल,” दैवशाला म्हणाली. “यांचं आधी घ्या.”

अरुंधतीनं सर्जेरावांच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला. त्यांनी हात स्वतः पुढे केला, पण बघत दुसरीकडेच होते. १४८ वर ९२.

“काय लिहू?” दैवशालानं विचारलं.

“एकशे अठ्ठेचाळीस, ब्याण्णव.”

तिनं जुन्या १२०/८० वर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी नवा आकडा लिहिला, हळूहळू. मग रजिस्टर फिरवून पेन पुढे केलं. “सही.”

अरुंधतीनं पेन हातात घेतलं, आणि खाली ठेवलं. पाच मिनिटं थांबून पट्टा पुन्हा बांधला. पुन्हा मोजलं. १४६ वर ९२. तो दुसरा आकडाही लिहून घेतला आणि मग सही केली, बारीक, वळण न देता.

ओट्याखाली बाया-माणसांची रांग लागली होती, शेवटचा माणूस पाण्याच्या टाकीपाशी. मीना सिस्टरनं ती बघून कपाळाला हात लावला.

“म्याडम, एकेका माणसाचं दोनदा घ्यायचं म्हणलं तर डिसेंबर उजाडंल.”

“उजाडू द्या,” अरुंधती म्हणाली. “पुढचं नाव?”